घरचं मशीन

दातवालीच्या आयुष्यात सकाळचा एक तास तिचा स्वतःचा होता. बाकीचे तास कुणाचे होते हा वादाचा मुद्दा, पण नवरा ऑफिसला गेल्यावर आणि स्वतःची दुपारची पाळी सुरू होण्याआधी ती सोफ्यावर पाय घेऊन बसे, टीव्हीला जोडलेल्या गेमच्या कन्सोलचा कंट्रोलर हातात घेई आणि मासे पकडी. खरे मासे तिने कधी पकडले नव्हते. पण टीव्हीवरच्या तळ्यात गळ टाकून बसलं की अर्ध्या मिनिटात डोकं रिकामं होई, आणि तरंगतं बूच 'टुण्' करून बुडालं की जगाशी असलेलं तिचं भांडण तेवढ्यापुरतं मिटे.

दातवाली हे काही तिचं नाव नव्हे. ती डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची, म्हणून लॅबपासून माहेरापर्यंत सगळे तिला तेच म्हणत. नवरा विमा कंपनीत दावे तपासायचा. कुणाची गाडी खरंच ठोकली गेली आणि कुणी ती भिंतीवर नेऊन घासली, हे तो फोटो बघून सांगू शकायचा. थोडक्यात, खोटे दात करणारी आणि खोटं पकडणारा असा तो संसार होता, आणि बरा चालला होता.

त्या सोमवारी मासेमारीच्या चित्रावर एक छोटं कुलूप दिसलं.

तिने दाबून पाहिलं. कन्सोल म्हणाला, हा गेम वापरण्याचा परवाना सापडत नाही. इंटरनेटवर शोधलं तर शंभर लोकांनी एकच औषध सांगितलेलं: सेटिंगमध्ये जा, खात्याच्या पोटात शिरा, 'रिस्टोअर लायसन्सेस' दाबा. तिने दाबलं. पट्टी भरली, 'परवाने पुनर्स्थापित झाले' असा आनंदी निरोप आला, आणि ती मागे येऊन बघते तर आधी एका गेमवर कुलूप होतं ते आता जवळपास सगळ्यांवर. बागेवर कुलूप, कोड्यांवर कुलूप, विमान उडवायच्या गेमवर कुलूप. काखेतलं गळू दाखवायला गेलं आणि डॉक्टरने हातच कापला, तसं झालं.

"अहो, सगळं गेलं," तिने संध्याकाळी सांगितलं.

"काय गेलं?" तो बूट काढत म्हणाला.

"माझे गेम. परवाने परत आणायचं बटण दाबलं आणि होते तेही गेले."

"तुला कोणी सांगितलं होतं बटण दाबायला?"

"शंभर लोकांनी."

"शंभर लोक विहिरीत उडी मारतील."

"विहिरीत मासे तरी असतात. बघा ना एकदा."

त्याने बघितलं. आपल्या खात्यात शिरला, मासेमारीवर क्लिक केलं, तळं उघडलं. बाग उघडली. विमान उडालं. तो खांदे उडवून म्हणाला, "मला तर सगळं दिसतंय. तुझंच काहीतरी बिघडलंय." आणि ऑफिसातला किस्सा सांगू लागला: साहेबांनी एका दाव्याची फाइल चहाच्या कपाखाली ठेवली, कप सांडला, आणि आता ग्राहक म्हणतो कागद भिजल्याची भरपाई वेगळी द्या. किस्सा चांगला होता. ती हसली. नवरा किस्से नेहमीच चांगले सांगायचा, गेल्या काही महिन्यांत तर जरा जास्तच रंगवून.

मंगळवारी सकाळी तिने हेल्पलाइनला फोन लावला. वाट पाहायला लावणाऱ्या संगीतानंतर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"मॅडम, मी आपली अडचण समजू शकते."

"अजून सांगितलीच नाही मी."

"सॉरी मॅडम. सांगा."

दातवालीने सांगितलं. मुलीने विचारलं की गेम कोणत्या खात्यावरून घेतले होते. दातवालीला हा प्रश्नच कधी पडला नव्हता. घरात मशीन एक, टीव्ही एक, म्हणजे गेम घरचे. साखरेच्या डब्यावर कुणी नाव लिहितं का?

"लिहितात मॅडम," मुलगी म्हणाली. "म्हणजे साखरेचं माहीत नाही, पण गेमवर नाव असतं. ज्या खात्याने घेतला त्याचाच तो. रिस्टोअर केल्याने नवीन काही मिळत नाही. आमच्या सर्व्हरवर तुमच्या नावाने आणि त्या मशीनच्या नावाने जे आहे, तेवढंच तिथे उतरतं."

"मग इतके दिवस कसं उघडत होतं?"

"यजमानांनी त्यांच्या खात्याचं शेअरिंग त्या कन्सोलवर चालू ठेवलं असणार. म्हणजे सोप्या भाषेत, ते मशीन त्यांनी घरचं म्हणून लावलं होतं. घरच्या मशीनवर त्यांचे गेम घरातल्या सगळ्यांना उघडतात, इंटरनेट नसलं तरी चालतात. पण एका खात्याचं घरचं मशीन एका वेळी एकच. दुसरं लावलं की पहिलं आपोआप सुटतं."

"पण त्यांना तर उघडतंय. इथेच, याच मशीनवर."

"त्यांना उघडणारच मॅडम, ते स्वतः मालक आहेत. साइन-इन असले आणि नेट असलं की कुठेही उघडेल. फक्त बाकीच्यांना नाही."

दातवालीला हे वाक्य आवडलं नाही. घर फक्त त्याला उघडतं आणि बाकीच्यांना नाही, हे जरा लग्नाच्या पहिल्या वर्षासारखं वाटलं.

"दुसरं मशीन कुठलं?"

"ते मी सांगू शकत नाही मॅडम. खातं तुमचं नाही. मी आणखी काही मदत करू शकते का?"

आणखी मदत नको होती. तिने आधी स्वतःचं पाहिलं. स्टोअरमध्ये जाऊन खरेदीची यादी उघडली आणि एकेक गेम तपासला. तिच्या स्वतःच्या खात्यावरचे निघाले ते मोजके: एक शब्दकोडं, एक बेडूक उड्या मारायचा गेम, आणि एक भविष्यवेत्त्याचा गेम जो तिने चुकून घेतला होता. ते यादीत होते, पण मशीनवर नव्हते. ते पुन्हा डाउनलोडला लावले. एकदा फुकट वाटला म्हणून घेतलेला गेम तिच्या नावावर होता, पण तो वर्गणीतला, आणि वर्गणी भरणं केव्हाच थांबलेलं. तो गेला तो गेलाच. बाकी सगळं ढीगभर, तळ्यासकट, नवऱ्याच्या नावावर. लायब्ररी म्हणून जे तिला इतकी वर्षं आपलं वाटलं होतं, त्यात तिचं म्हणावं ते एक शब्दकोडं, एक बेडूक आणि एक भविष्यवेत्ता.

उरलेल्यासाठी एकच उपाय होता. तिने नवऱ्याचं खातं उघडलं. या मशीनवर ते उघडायला पासवर्ड लागत नसे. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याला पासवर्ड कशाला, असं तो म्हणत असे. सेटिंगमध्ये शेअरिंगची ओळ होती. या मशीनवर: बंद. तिने 'चालू' दाबलं, आपल्या खात्यात परत आली, पुन्हा परवाने रिस्टोअर केले. कुलपं एकेक करून विरघळली. तळं उघडलं. 'टुण्.'

तिने हे नवऱ्याला सांगितलं नाही. का नाही, हे तिला सांगता आलं नसतं.

बुधवारी सकाळी सगळ्यावर पुन्हा कुलूप होतं.

"दुसरी बाई," ताई फोनवर म्हणाली. ताई म्हणजे दातवालीची थोरली बहीण. तिला कुठलीही गोष्ट कुजल्याचा वास दोन गल्ल्यांवरून यायचा. "दुसरं घर, दुसरं मशीन, दुसरी बाई. मोजायला काय लागतं?"

"तू गप गं. मासे पकडायचा गेम खेळणारी बाई?"

"तू नाही खेळत? त्याला तसलीच आवडते म्हणायची." ताईने क्षणभर श्वास घेतला. "आमच्या ह्यांना रिमोटच्या बॅटऱ्या उलट्या की सुलट्या ते कळत नाही, म्हणून माझा संसार टिकला. तुझा फार हुशार निघाला."

"तो रोज वेळेवर घरी येतो. ऑफिसचं सगळं सांगतो."

"सगळं सांगतो ना? तोच तर घोटाळा. खऱ्या नोकरीतला माणूस घरी येऊन काय सांगतो? 'कंटाळा आला.' बस्स."

दातवालीने फोन ठेवला. पण गुरुवारी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडल्यावर तिने तळ्याकडे न जाता घड्याळाकडे पाहत थोडा वेळ काढला. मग पुन्हा त्याच्या खात्यात शिरली. शेअरिंग चालू केलं. आणि या वेळी आपल्या खात्यावर परत न येता तिथेच बसून राहिली, त्याच्या नावाने, त्याचं तळं उघडून. त्याच्या तळ्यात तिच्यापेक्षा खूप मोठे मासे होते. एवढे मासे पकडायला माणसाला कामधंदा नसावा लागतो, असा एक विचार मनात आला आणि तिने तो गळाला लावून परत पाण्यात सोडला.

बूच बुडायच्या बेतात होतं तेवढ्यात चित्र थांबलं. पडद्यावर ओळ आली: हे खातं दुसऱ्या कन्सोलवर साइन-इन झालं आहे. तुम्हाला साइन-आउट केलं आहे.

ती ओळ वाचताना दातवालीला वाटलं, आपण एका दाराला आतून हात लावलाय आणि त्याच क्षणी कुणीतरी बाहेरून लावलाय. ते कुणीतरी आत्ता होतं, याच मिनिटाला. त्याच्याही पडद्यावर थोड्या वेळापूर्वी हीच ओळ आली असणार, आणि त्याने ती वाचून, शांतपणे, पुन्हा साइन-इन केलं होतं. तिने आपल्या खात्यावर जाऊन पाहिलं. मासे, बाग, विमान, सगळीकडे कुलपं परत.

तिने नवऱ्याला फोन लावला. तिसऱ्या घंटेला उचलला.

"बोल पटकन, मीटिंगमध्ये आहे," तो हळू आवाजात म्हणाला, चारचौघांत बसलेला माणूस बोलतो तसा, तोंडावर हात धरून.

"काही नाही. येताना दूध आणाल का?"

"आणतो. साहेब बघतायत. ठेवतो."

फोन ठेवायच्या आधी त्याच्या आवाजामागे काहीतरी वाजलं. लहान, ओलं, ओळखीचं. 'टुण्.'

 तिने ऑफिसचा मुख्य नंबर लावला, जो आजवर कधी लावला नव्हता, कारण कधी गरजच पडली नव्हती. ऑपरेटर बाईंनी नाव ऐकलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला. दातवालीला ऑपरेटरचा आवाज मऊ झालेला आवडला नाही. मऊ आवाजात माणसं फक्त वाईटच सांगतात.

"ते आता इथे नसतात ताई. दावे विभागच बंद झाला ना? आता ते काम संगणक करतो. सगळेच गेले, साहेबसुद्धा." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही कोण बोलताय?"

"विम्याचं काम होतं," दातवाली म्हणाली आणि फोन ठेवला.

तर साहेबसुद्धा गेले होते. आणि साहेबांनी सोमवारी कप सांडला होता.

आता दुसरं मशीन कुठे असू शकतं याचा विचार करायला तिला फार वेळ लागला नाही. नवऱ्याचा मावसभाऊ परदेशात होता आणि त्याचा फ्लॅट चार गल्ल्या पलीकडे, कुलूप लावून बंद. किल्ली यांच्याकडे, अधूनमधून नळ सोडायला आणि खिडक्या उघडायला. मावसभावाचा कन्सोल तिथल्या टीव्हीखाली होता. किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर नव्हती. तिने लॅबला 'उशीर होईल' असं कळवलं आणि पायात चपला सरकवल्या.

जिन्यात कुणी नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर, बंद दारासमोर, पायपुसण्यावर नवऱ्याचे ऑफिसचे बूट होते. पॉलिश केलेले, टाचा जुळवून ठेवलेले. फक्त ते बूट. बाईच्या चपला नाहीत, सॅंडल नाहीत. तिला आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

तिने दाराला कान लावला. आत पाणी वाजत होतं, टीव्हीतलं. मधून मधून बूच बुडत होतं. आणि त्यावर नवऱ्याचा आवाज.

"नाही नाही, फोटोत सावली उलटी आहे साहेब. गाडी सकाळची म्हणतो, सावली संध्याकाळची." मग थांबला, कुणीतरी उत्तर द्यावं एवढा वेळ. मग मोकळेपणाने हसला. "अगदी बरोबर! तेच म्हणतो मी!"

फोनवर असेल, तिने स्वतःला सांगितलं. जुन्या साहेबांशी बोलत असेल. नोकरी गेली म्हणून माणसं काही तुटत नाहीत. तिने बेलपर्यंत हात नेला आणि खाली घेतला. कवळी बनवताना एक नियम असतो: साचा घट्ट व्हायच्या आधी हात लावला की कायमचा वाकडा होतो. तिला वाटलं, संध्याकाळी घरी बोलू. शांतपणे. नोकरी गेली तर गेली, मिळेल दुसरी. दोघांनी एकमेकांशी एवढं बोलायला काय हरकत आहे? ती पायऱ्या उतरली तेव्हा वर पुन्हा हसण्याचा आवाज आला.

संध्याकाळी तो वेळेवर आला. दूध आणलं होतं. बूट काढले, टाचा जुळवल्या.

"आज भलताच प्रकार झाला," तो म्हणाला. "माझं खातं कुणीतरी हॅक केलंय. मीटिंगमध्ये असताना मोबाइलवर ईमेल आला, कुठूनतरी साइन-इन झालं म्हणून. आमच्या आयटीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, पासवर्ड बदला. बदलून टाकला तिथल्या तिथे. तुझे गेम याच भानगडीत गेले असणार."

"आयटीवाला म्हणजे कोण?"

"नवीन आलाय. चष्मा, पोट. फार हुशार. साहेबांनीच आणला." त्याने पाणी पिऊन ग्लास ठेवला. "काळजी करू नकोस. तुझी लायब्ररी मी उभी करून देतो. तुझ्या खात्यावरचं काय आहे ते वेगळं काढ, ते पुन्हा डाउनलोड कर. माझ्या खात्याचं मी बघतो. एकदा शेअरिंगचं नीट लागलं की झालं."

सल्ला अगदी बरोबर होता. त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता, आणि म्हणूनच तिला तो ऐकवेना. तिने ठरवलेलं शांत वाक्य घशाशी आलं. पण त्याच्याकडे पाहिल्यावर ते जसंच्या तसं बाहेर पडेना. तो दमलेला दिसत होता. अगदी खरा, ऑफिसातून आल्यासारखा. तिने दुसरं वाक्य उचललं, जे तिला वाटलं की सोपं पडेल; दार त्याचं त्यालाच उघडता येईल, तिला ढकलावं लागणार नाही.

"उद्या मी येते तुमच्याबरोबर."

"कुठे?"

"ऑफिसात. लॅबला सुट्टी टाकते. एवढी वर्षं झाली, कधी पाहिलं नाही. साहेबांनाही भेटते."

आता तो थांबेल, तिला वाटलं. आता खाली बसेल, डोकं हातात धरेल, आणि म्हणेल, ऐक, तुला एक सांगायचंय. ती मनातल्या मनात त्याच्या शेजारी जाऊन बसलीसुद्धा.

त्याचा चेहरा उजळला.

"खरंच? अगं, मग आधी नाही का सांगायचं! साहेब कधीचे म्हणतायत, मिसेसना आणा म्हणून. थांब, आत्ताच सांगतो त्यांना, नाहीतर उद्या पहिल्या सत्रात कुठेतरी निघून जातील."

त्याने खिशातून फोन काढला, अंगठ्याने दोनदा दाबल्यासारखं केलं आणि कानाला लावला. तो तिच्यासमोर, हातभर अंतरावर उभा होता. कानाला लावताना क्षणभर तिच्याकडे वळलेला फोनचा पडदा काळा होता. त्यात खोलीतला दिवा आणि तिचा स्वतःचा चेहरा, लहान आणि वाकडा, दिसून गेला.

"साहेब, नमस्कार. घरून बोलतोय. नाही नाही, कामाचं नाही." त्याने ऐकलं. भुवया उंचावल्या, मान डोलावली, खळखळून हसला. "हो, ती फाइल वाळली. तेच तर! नाही, ऐका, उद्या आमच्या मिसेस येतायत ऑफिस बघायला." पुन्हा ऐकलं, बराच वेळ, आदराने. मग फोनवर हात ठेवून तिला म्हणाला, "साहेब म्हणतायत, अवश्य आणा. तुझ्यासाठी गेटवर पास ठेवायला सांगतायत."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचा इशारा बराच वेळ वाजत राहिला आणि थांबला. दातवालीने सोफ्याच्या पाठीला हात टेकवला. तिला कळलं होतं की आपण बोललो ते वाक्य परत घेता येणार नाही, आणि हेही कळलं होतं की आत्ता, या घडीला, तो ज्या कुणाशी बोलतोय त्याला मध्येच तोडलं तर काय होईल ते तिला माहीत नाही.

"आणखी काय म्हणाले साहेब?" तिने विचारलं.

त्याने फोन पुन्हा कानाला लावला आणि नीट ऐकू लागला.